आवाज ऐकू येईपर्यंत थांबू नका

“गोळ्या बंद करून महिना झाला, काही झालं नाही. मग कशाला द्यायच्या?” स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी हा हिशेब सर्रास मांडला जातो. तो चुकीचा आहे. गोळी थांबली की आजार दुसऱ्याच दिवशी उलटत नाही. बहुधा काही आठवडे, कधी काही महिने जातात. त्या शांततेलाच तुम्ही बरं होणं समजता.

भास आणि आरडाओरडा ही पुढची पायरी. समजा, रोज १० वाजता झोपणारा तुमचा मुलगा २ वाजेपर्यंत जागा राहू लागला. चार दिवसांनी तो ताट खोलीत नेऊन जेवतो, अंघोळ टाळतो. आठवड्याने विचारतो, “शेजारी माझ्याबद्दल काय बोलत होते?” याला आळस किंवा बाहेरची बाधा म्हणू नका.

तो बरा असतानाच त्याच्यासोबत बसा आणि मागच्या वेळी आधी काय काय बदललं होतं ते कागदावर लिहून ठेवा. एका रात्रीची जाग म्हणजे आजार नव्हे. पण यादीतले बदल दोन-तीन दिवस टिकले, तर उरलेल्या गोळ्या मोजा आणि त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका, डोस स्वतः वाढवू नका. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका, थेट घाटीत आणा.