२.४ माणसांचं घर कुणी पाहिलंय का?

परवा नळाच्या पाण्याच्या बैठकीत एकानं छातीठोक सांगितलं, "इथलं सरासरी कुटुंब २.४ माणसांचं. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटर धरले की घराला १३२ लिटर. सगळ्यांना सारखं, अन्याय कुणावरच नाही." मागून एक मावशी म्हणाल्या, "आमच्यात सहा माणसं हायेत. ह्या १३२ लिटरात भागवायचं कसं?" लोक हसले. पण हिशोब मावशींचाच बरोबर होता. कसा ते बघा.

समजा, शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीजवळच्या एका गल्लीत दहा घरं आहेत. पाच खोल्यांत एकेकटे कामगार, वेगळी चूल मांडून राहणारे. जनगणनेत चूल वेगळी की कुटुंब वेगळं, म्हणून ही पाच कुटुंबं झाली. दोन घरांत म्हातारा-म्हातारी. उरलेल्या तीन घरांत चार, पाच आणि सहा माणसं. एकूण माणसं २४, घरं १०, सरासरी २.४.

आता दौंडकडची एक वस्ती धरा. पोरं पुण्याला गेलेली, सहा घरांत दोघं-दोघं, चार घरांत तिघं-तिघं. माणसं पुन्हा २४, सरासरी पुन्हा २.४. आकडा एकच, पण गावं किती वेगळी!

१३२ लिटरच्या वाटपानं दौंडच्या वस्तीत तिघांच्या घराला ३३ लिटर कमी पडतील. ओढाताण होईल, पण निभेल. रांजणगावात एकट्या कामगाराला गरज ५५ची, मिळणार १३२. सहा जणांच्या घराला गरज ३३०ची, मिळणार तेच १३२. म्हणजे माणशी २२ लिटर! आणि २४ पैकी १५ माणसं त्याच तीन मोठ्या घरांत राहतात. दारं मोजली तर मोठी घरं दहात तीन, माणसं मोजली तर निम्म्याहून जास्त. "सगळ्यांना सारखं" म्हणतात ते हे.

सरासरी खोटी आहे असं मी म्हणत नाही. टाकी किती मोठी बांधायची, हे ती बरोबर सांगते. दहा घरं गुणिले १३२ म्हणजे १३२० लिटर, आणि २४ माणसांनाही तेवढंच लागतं. सरासरी ही एकूण बेरीज काढायला आहे, वाटणी करायला नाही. टाकीसाठीचा आकडा नळाला लावला, तिथंच चूक झाली.

म्हणून पुढच्या बैठकीत कुणी सरासरी फेकली, तर दोनच गोष्टी विचारा. एक, एका माणसाची घरं किती, दोघांची किती, पाच-सहांची किती, तो तक्ता दाखवा. दोन, ह्या आकड्यावरून टाकी बांधताय की पाणी वाटताय? वाटत असाल तर घरं नको, माणसं मोजा.

तक्ता नाही म्हणाले, तर वाटपाच्या ठरावावर सही करू नका.