मशीन येईल हो, पण धुणार कोण?

बोईसरच्या आमच्या ऑफिसात बीन-टू-कप मशीन घ्या, असा मेल परवा अ‍ॅडमिनच्या सरांना टाकला. आम्ही ३० जण, दिवसाला ६० कप. कपाला ९ ग्रॅम बिया, म्हणजे २२ दिवसांत साधारण १२ किलो. किलोला हजार धरले तर कपामागे ९ रुपये; दूध आणि मशीनचं भाडं वेगळं.

खरी मेख पुढे आहे. दुधाची नळी रोज धुवावीच लागते. इथल्या उकाड्यात एक रात्र राहिली की सकाळी आंबट वास. पाण्यातले क्षार साचले की धार बारीक होते, कॉफी कोमट येते.

म्हणून शेवटी लिहिलं: पँट्रीतल्या काकांची रोजची १५ मिनिटं ह्या कामासाठी मोकळी करा. ते जमत नसेल तर मशीन नकोच, त्यांचा चहा बरा!