शेवटच्या पंगतीची वाटी

‘दिवसभर घरकाम करतेस, मग आणखी व्यायाम कशाला?’ असं मला घरात ऐकवलं गेलं, तेव्हा माझा एचबीएवनसी ६.१ होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरबाईंनी आधी हिमोग्लोबिन पाहिलं. ते ९.६ निघालं. लोह कमी असलं की हा आकडा उगाच चढा येऊ शकतो, आणि आपल्यापैकी कितीजणींचं लोह पुरेसं असतं? म्हणून त्यांनी उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासली. ११२ आणि १५८. उंबरठा खराच होता. लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या.

‘कमी खा’ हा सल्ला मला पटला नाही. मी खातच होते उरलंसुरलं. अडीच वाजता भाजी संपलेली, डाळीचं वरचं पाणी आणि ताटभर भात. त्यानंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर १७२ दिसले. मग मी वाढायच्या आधीच माझी उसळीची आणि भाजीची वाटी बाजूला काढू लागले. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग दीड भाकरी, शेवटी दोन घास भात. प्रथिनं आणि चोथा आधी पोटात गेले की साखर रक्तात सावकाश उतरते. आठवड्याने तेच यंत्र १४० च्या आत आलं. भाकरीला मात्र सूट नाही. भाताऐवजी तीन भाकऱ्या खाल्ल्या त्या दिवशी आकडा पुन्हा वर गेला.

जेवल्यावर लगेच पंधरा मिनिटं चालते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. रात्री एकटी रस्त्यावर गेले तर चर्चा होते, म्हणून चाळीच्या गॅलरीतच फेऱ्या घालते.

आता घरकामाचं. त्याने दमायला होतं हे खरं, पण रोज तीच बादली उचलून स्नायू वाढत नाहीत. साखर साठवायची जागा मोठी करायची तर ओझं हळूहळू वाढवावं लागतं. आठवड्यातून दोनदा, मध्ये दिवस सोडून, मी हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठते, असं तीनदा. भिंतीला हात टेकून दंड काढते. महिन्याने हातात पाण्याच्या बाटल्या आल्या. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आला. मी हरखले, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘यात लोहाचाही वाटा असेल.’ उपाशीपोटीची साखर मात्र १०१ झाली होती, ती लोहामुळे नव्हे. शेजारच्या वहिनींनी हे सगळं करूनही त्यांना मेटफॉर्मिन लागलं. त्यात त्यांचा आळस शोधणाऱ्यांचा मला राग येतो.

वाटी आधी काढण्यावरून सासूबाई अजून कुरबुरतात. मी काढतेच.