आरोग्य आपल्या घरचे : एकाच बाजूला दुखणारा घसा आणि न उघडणारे तोंड

घसा दुखणे ही कुठल्याही घराला नवीन गोष्ट नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या, हळदीचे दूध, तापाची गोळी एवढ्यावर बहुतेक वेळा भागते, आणि तेवढ्यावर भागवणे चुकीचेही नाही. पण घसादुखीचा एक प्रकार असा आहे, की त्यात घरी थांबणे महागात पडते. तो ओळखायला कुठलेही यंत्र लागत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही त्याच्याविषयीच लिहीत आहोत.

रमजानमध्ये आमच्याकडे आलेल्या एका मुलाची हकीकत सांगतो. वय 19, कॉलेजात शिकणारा. ताप आला, घसा दोन्ही बाजूंनी दुखू लागला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. तीन दिवसांत ताप उतरला, बरे वाटले आणि गोळ्या बंद झाल्या. पाचव्या दिवशी पुन्हा ताप चढला, पण या वेळी दुखणे फक्त उजव्या बाजूला होते आणि त्याच बाजूच्या कानात कळा जात होत्या. इफ्तारीला खजूर तोंडात घेतला, पण तो चावायला जबडाच उघडेना. पाणीसुद्धा घोटाघोटाने, मान वाकडी करून गिळावे लागले. आवाज असा झाला होता, जणू तोंडात गरम घास धरून बोलतो आहे. "रोज्यांमुळे अशक्तपणा आलाय, बेटा, रात्रभर आराम कर," असे अम्मी म्हणाल्या. मात्र तरावीहनंतर अब्बा घरी आले, तेव्हा मुलगा लाळ गिळता येत नाही म्हणून ती रुमालात टिपत बसला होता. ते पाहून त्यांनी त्याला तसेच उचलून आमच्याकडे आणले.

हा टॉन्सिलजवळचा गळू होता. डॉक्टर याला क्विन्सी किंवा पेरिटॉन्सिलर अ‍ॅब्सेस म्हणतात. तुमच्या केसपेपरवर हे शब्द दिसले, तर अर्थ हाच.

साध्या टॉन्सिलच्या सुजेत आणि यात फरक काय? साध्या सुजेत रोग टॉन्सिलच्या गाठीतच असतो. दोन्ही गाठी लाल होतात, फुगतात, कधी त्यांच्यावर पांढरे ठिपके दिसतात. गिळताना दोन्ही बाजूंना दुखते, ताप येतो, पण तोंड नीट उघडते. गळूमध्ये पू गाठीच्या बाहेर पडून, गाठ आणि घशाच्या भिंतीतला स्नायू यांच्यामध्ये साचतो. त्या भिंतीच्या पलीकडेच जबडा मिटणारा एक स्नायू असतो. पुवाची सूज त्याच्यापर्यंत पोचली की तो आखडतो आणि तोंड उघडेनासे होते. म्हणजे तोंड न उघडणे हे अशक्तपणाचे लक्षण नाही. रोग गाठीच्या बाहेर गेल्याची ती खूण आहे.

ही खूण घरी तपासता येते. रुग्णाने आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. बहुतेक मोठ्या माणसांची तीन बोटे सहज जातात. आमच्या या मुलाचे एक बोट जेमतेम जात होते. तोंड थोडे उघडत असेल, तर उजेडात पडजीभही पाहावी. ती मधोमध लोंबत असते. गळू झाला की दुखऱ्या बाजूचा मऊ टाळू फुगून खाली येतो आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. या मुलाची पडजीभ डावीकडे सरकली होती. मात्र चमचा घालून जबरदस्तीने घसा पाहू नये. लहान मूल ताप असताना लाळ गाळत असेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

तोंड न उघडण्याची इतर कारणेही असतात. अक्कलदाढेच्या सुजेत दुखणे हिरडीत आणि दाढेमागे असते. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचे तोंड महिनोन्‌महिने हळूहळू आक्रसत जाते आणि तिखट लागताच आग होते, पण त्यात ताप नसतो. धनुर्वातातही जबडा आवळतो. कारण यांपैकी कोणतेही असो, एक-दोन दिवसांत तोंड बंद होत गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे.

उपचाराचे सूत्र साधे आहे. साचलेला पू बाहेर काढावा लागतो. गुळण्या तिथपर्यंत पोचत नाहीत आणि नुसत्या गोळ्या सहसा पुऱ्या पडत नाहीत. या मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घशात बधिर करणारा स्प्रे मारला, फुगलेल्या जागी सुई टोचली आणि सिरिंजने सुमारे 5 मिलिलिटर पू ओढून काढला. भूल देऊन झोपवावे लागले नाही. काही वेळा सुईऐवजी लहानशी चीर द्यावी लागते. थोड्या वेळाने मुलगा स्वतःच म्हणाला, "आता लाळ गिळता येतेय." रात्रभर सलाईन आणि शिरेतून अँटिबायोटिक दिले. जबडा मोकळा व्हायला आणखी दोन दिवस लागले. घरी गेल्यावर गोळ्यांचा 10 दिवसांचा कोर्स पुरा करायला सांगितला.

अम्मींना एकच खंत होती, की गोळ्या मध्येच बंद केल्या म्हणून हे झाले का? अर्धवट सोडलेला कोर्स हे एक कारण असू शकते, पण पूर्ण कोर्स घेऊनही कुणाकुणाला गळू होतो. तेव्हा दोष शोधत बसण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन्ही बाजूंचे दुखणे बरे होता होता एका बाजूला वाढले, तर उरलेल्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत, घसा दाखवावा. हा आजार तरुणांमध्ये जास्त आढळतो आणि सिगारेट ओढणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो.

थांबलो तर काय होते? सूज वाढून श्वासाची वाट अडू शकते. गळू आपोआप फुटला आणि पू श्वासनळीत गेला, तर फुप्फुसाला संसर्ग होतो. पू मानेत उतरला तर जिवावर बेतते. म्हणून श्वासाला त्रास किंवा घरघर, आडवे झोपता न येणे, लाळही न गिळता येणे, मान ताठ होणे किंवा बाहेरून सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच मोठ्या इस्पितळात न्यावे. घरी सुईने किंवा बोटाने गळू फोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

आता रोज्याविषयी. या मुलाने सकाळपासून इफ्तारीची वाट पाहिली आणि तोवर शरीरातले पाणी कमी होत गेले. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत खुद्द कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. मसल्याची शंका असेल, तर आपल्या मौलाना साहेबांना जरूर विचारा, पण ते उत्तर येईपर्यंत उपचार अडवून ठेवू नका. या मुलाने ईदनंतर आपले सुटलेले रोजे एकेक करून पुरे केले.

बरे झाल्यावर पुढे टॉन्सिल काढावेच लागतात का? पहिल्याच वेळी सहसा नाही. असा गळू पुन्हा झाला, किंवा वर्षातून अनेकदा टॉन्सिल सुजत असतील, तर तज्ज्ञ शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. या मुलाला दोन आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा पडजीभ मधोमध आली होती आणि तिन्ही बोटे दातांमधून सहज जात होती.