तांब्या उलटा, बॉस!

शुक्रवार, २८ मार्च २०२५. संध्याकाळचे साडेसहा. पाडवा रविवारी, आणि एका बिल्डर क्लायंटची 'नव्या घरात नवी गुढी' ही जाहिरात रात्री अकराच्या आत पाठवायची. शूटसाठी बजेट नव्हतं, त्यामुळे आमच्या डिझायनरने एआयकडून चित्र काढून घेतलं होतं. गॅलरीत उभं देखणं जोडपं, मागे केशरी आभाळ, पुढे गुढी. मी दोनदा पाहिलं आणि पास केलं. क्लायंटनेही 'मस्त!' असं उत्तर पाठवलं. तोही मराठी, मीही मराठी, हे आधीच सांगून टाकते.

चहाचे कप उचलायला आलेल्या मावशी स्क्रीनसमोर थबकल्या. "ताई, हा तांब्या काठीवर राहिला कसा?"

मग मी नीट पाहिलं. बांबूच्या टोकावर तांब्याचा कलश सुलटा ठेवलेला, त्यात आंब्याची पानं, वर नारळ. म्हणजे चौरंगावर पूजेला मांडतात तो कलश, थेट सहा फूट उंच काठीच्या टोकावर! गॅलरीत वारा आला की नारळ खालच्या मजल्यावर.

मावशींनी प्रश्न धर्माचा काढला नव्हता हं, मेकॅनिक्सचा काढला होता. गुढीत तांब्या उलटा असतो, कारण तो टोपीसारखा काठीवर बसतो. आधी काठीच्या टोकाला रेशमी वस्त्र चुण्या करून दोरीने बांधायचं. त्यावर कडुनिंबाची डहाळी, आंब्याची पानं, फुलांचा हार, साखरेची गाठी. आणि सगळ्यात शेवटी त्या गाठोड्यावर तांब्या पालथा घालायचा, म्हणजे गाठही झाकली जाते. हा क्रम ज्याने एकदा हाताने केलाय, त्याला सुलटा कलश लगेच खटकतो. एआयने गुढी कधी बांधलेली नाही. त्याने फक्त फोटो पाहिलेत, आणि त्या फोटोंमध्ये कलश म्हटलं की तो बहुतेक वेळा सुलटाच असणार, पानं आणि नारळासकट. त्याने सरासरी काढली!

मला का खटकलं नाही? कारण आमच्याकडे गुढी बाबा बांधायचे, आणि लग्नानंतर मी दुकानातून वीतभर उंचीची रेडिमेड गुढी आणते. तांब्या चिकटवूनच येतो. असो.

मावशींचा प्रश्न आम्ही मग सगळ्या चित्रालाच लावला. हे खरंच घरी करता येईल का? नेसता येईल का? अडकवता येईल का? आणि चित्राचा पार बोऱ्या वाजला.

आधी साडी. आम्ही 'नऊवारी' मागितली होती. बाई दिसत होत्याही झकास. पण कापडावर बोट ठेवून माग काढा म्हटलं, तर काढता येईना. नऊवारी म्हणजे एकच सलग कापड. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मग कापड दोन पायांमधून मागे नेऊन खोचायचं, तो काष्टा, आणि उरलेलं टोक डाव्या खांद्यावरून मागे, तो पदर. चित्रातल्या बाईंच्या कमरेखाली घेरदार घागरा होता. उजव्या खांद्यावरून पुढे आलेला गुजराती पद्धतीचा पदर होता. आणि डाव्या हातावर एक ओढणी रुळत होती. एका साडीला तीन टोकं! काठ मात्र तिन्हीकडे पैठणीचा, त्यामुळे नजर फसते. इथेही गंमत अशी की माझी स्वतःची नऊवारी शिवलेली आहे, इलॅस्टिकवाली. काष्टा शिंप्याने घातलाय. त्यामुळे कापड कुठून कुठे जातं, हे मलाही त्या संध्याकाळीच नीट कळलं.

मग नथ. नाकात मोठी गोल रिंग, आणि तिची साखळी थेट कानामागे. ही आपल्याकडची नव्हेच. आपली नथ मोत्यांच्या घोसाची, डाव्या नाकपुडीत. गळ्यात मोत्यांची माळ होती, पण काळे मणी आणि दोन वाट्या कुठेच नाहीत. नवरोबांच्या डोक्यावर पाठीवर लोंबणाऱ्या शेमल्याचा राजस्थानी साफा, अंगात शेरवानी. जणू गुढी उभारून थेट घोड्यावर बसायचंय.

डिझायनर म्हणाला, "पण पाडव्याला फेटे बांधतातच ना?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. फेटे, नऊवारी, गॉगल, बुलेट हे सगळं शोभायात्रेतलं आहे. १९९९ मध्ये डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, मग ठाणं, गिरगाव आणि बाकीच्या शहरांत ती प्रथा पसरली. कॅमेरे तिथेच जातात. घरात सकाळी कुर्ता-पायजम्यात गुढी बांधणाऱ्या माणसाचे फोटो कोण काढणार? त्यामुळे एआयच्या दृष्टीने पाडवा म्हणजे मिरवणूक. गॅलरीतल्या माणसालाही ते फेटा बांधून मोकळं होतं.

इथवर ठीक. वस्तू हाताने करून पाहता येतात, म्हणून त्यांच्या चुका पकडता येतात. आभाळाचं काय? चित्रात मावळतीचा सूर्य, कठड्यावर पणत्यांची रांग आणि लांबवर फटाके. यात अशक्य असं काहीच नाही, पण तरी सगळं चूक. गुढी सकाळी उभारतात आणि सूर्यास्ताच्या आत उतरवतात. चित्रातली वेळ म्हणजे गुढी उतरवून ठेवायची वेळ! पणत्या दिवाळीतून आल्या, आणि आम्ही मागणीत 'नवीन वर्ष' लिहिलं होतं म्हणून फटाके थेट ३१ डिसेंबरमधून. ही चूक नुसतं चित्र न्याहाळून सापडत नाही. त्या घरात त्या दिवशी काय-काय होतं, हे माहीत असलेलं माणूसच लागतं.

माणसं विचारायची तर किती? मी आईला फोन लावला, रत्नागिरीला. आई म्हणाली, गुढीला साडीच हवी. मावशी साताऱ्याकडच्या, त्या म्हणाल्या, आमच्याकडे खण. आईची गुढी गॅलरीच्या कठड्याला तिरकी बांधलेली, मावशींची दाराशी, पाटावर उभी. तांब्या चांदीचा की पितळेचा, यावरही दोघींचं जमेना. म्हणजे एकीला विचारलं असतं, तर दुसरीचं घर आम्ही 'चुकीचं' ठरवलं असतं. जिथे दोघींचं पटलं (तांब्या पालथा, कडुनिंब हवाच, गाठी हवीच, ऊन उतरायच्या आत खाली), ते आम्ही पक्कं धरलं. जिथे नाही, तिथे हवं ते घ्या.

त्यात क्लायंटचा मेसेज. हैदराबादच्या ऑफिससाठी हेच चित्र द्या, फक्त 'उगादी' लिहून! दिवस तोच, म्हणून सण तोच असं त्यांना वाटलं. तेलुगू घरांत उगादीला गुढी उभारत नाहीत. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, आणि सहा चवींची पच्चडी, म्हणजे कडुनिंबाची फुलं, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट. गुढीवर 'उगादी' लिहून पाठवणं म्हणजे ईदच्या शुभेच्छांवर ख्रिसमस ट्री! नाही म्हणून कळवलं.

आता दुरुस्ती. आम्ही 'गुढी' हा शब्दच काढून टाकला आणि वस्तूंचं वर्णन लिहिलं. बांबूची काठी, टोकावर पालथा तांब्याचा गडू, त्याखाली चुण्यांचं रेशमी कापड. थोडं सुधारलं. साडी दुसऱ्या प्रयत्नात बरी आली, ऊनही सकाळचं झालं. साफा आणि शेरवानी जाऊन साधा कुर्ता आला. नथ आणि मंगळसूत्र डिझायनरने खऱ्या दागिन्यांच्या फोटोवरून बसवलं. तांब्या मात्र हट्टी. एकदा सुलटाच राहिला, एकदा सुलटा तर राहिलाच, शिवाय एक पालथा शेजारी हवेत लटकला. सातव्या प्रयत्नानंतर आम्ही हात टेकले. ठरलं, खरी गुढी बांधायची, फोटो काढायचा आणि चित्रात जोडायचा.

"काठी?" डिझायनरने पॅन्ट्रीतला मॉप आणला. मावशी अशा काही भडकल्या, की विचारू नका. "पोछ्याच्या काठीला गुढी? काहीतरीच तुमचं!" आमचं ऑफिस दादरला, एवढं नशीब. फुलबाजारातून काठी, कडुनिंब, हार, गाठी आली. एका सहकारीने स्वतःची सिल्कची ओढणी पुढे केली, तर मावशी म्हणाल्या, वस्त्र कोरं लागतं. मग खण आला. मी म्हटलं, "मावशी, फक्त फोटोसाठी आहे हो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चपला काढल्या, हात धुतले, तांब्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि दहा मिनिटांत गुढी उभी केली. कॉन्फरन्स रूममध्ये सगळे एकदम गप्प.

पावणेअकराला फायनल फाइल आली. सगळं जागेवर. तरी काहीतरी खुपत होतं. नथ उजवीकडे! पदर उजव्या खांद्यावर! स्वस्तिकाच्या भुजा उलट्या दिशेला वळलेल्या! डिझायनरने लोगोला डावीकडे जागा हवी म्हणून अख्खं चित्र आडवं फ्लिप केलं होतं. यात एआयचा काहीएक दोष नाही, हा उद्योग आपण माणसं वर्षानुवर्षं करत आलोय. पण अख्खी संध्याकाळ चित्रातलं डावं-उजवं तपासून शेवटच्या क्लिकला सगळंच उलटं झालं. परत फ्लिप केलं, लोगो वर सरकवला. दहा छप्पन्नला मेल गेला.

मावशी केव्हाच निघून गेल्या होत्या. जाताना कॉन्फरन्स रूममधली गुढी उतरवून, तांब्या घासून ठेवला होता, आणि गाठी माझ्या टेबलावर.

रविवारी सकाळी मी रेडिमेड गुढी कपाटातच ठेवली. काठी, तांब्या, साडी घेऊन गॅलरीत बसले. साडी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "अगं, गाठ आधी ओल्या सुतळीने मार."