भाकरीवर लेबल नसतं, म्हणून ती हरते

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे नांदेड-लातूरच्या ओपीडीत एक नवीन वाक्य ऐकू येतं: "डॉक्टर, रात्रीची भाकर बंद केली. आता फक्त डाएट बिस्किटं खातो. पुड्यावरच लिहिलंय, 120 कॅलरी." वजन कमी झालेलं नसतं, शुगरही हटत नाही. आणि पेशंटला वाटतं, आपण तर सगळं मोजून खातोय, मग चुकतंय कुठं?

चूक पेशंटची नाही. पुड्यावरच्या आकड्याला आपण थर्मामीटरचा मान दिलाय, हे चुकलंय. जिमवाले आणि चार्ट विकणारे तो मान वाढवतात, आमचे काही डॉक्टर मित्रही "दिवसाला 1247 कॅलरी" असा कागद लिहून देतात. त्यातल्या शेवटच्या 47 कॅलरी कुणी आणि कशानं मोजल्या, हे मला एकदा कुणीतरी सांगावं.

पुड्यावरचा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. लातूरच्या परिसरात सोयाबीन ढिगानं पिकतं, तेल काढून उरलेल्या पिठापासून सोयाबीनच्या वड्या होतात. किराणा दुकानातून वड्यांचा कुठलाही पुडा आणा. मागे 100 ग्रॅमसाठी साधारण असं लिहिलेलं असतं: प्रोटीन 52 ग्रॅम, कार्बोहायड्रेट 33, फॅट अर्धा ग्रॅम, ऊर्जा 345 किलोकॅलरी. आता प्रोटीनला 4 ने गुणा, 208. कार्बोहायड्रेटला 4 ने, 132. फॅटला 9 ने, साडेचार. बेरीज 344.5. म्हणजे ती वडी कुणी जाळून पाहिलेली नाही. तो आकडा गुणाकार-बेरजेचा आहे, आणि तुम्ही घरी मोबाईलवर तो तपासू शकता.

मग ते 4, 4 आणि 9 कुठून आले? ते मात्र खरोखर जाळूनच आले. अन्नाचा वाळवलेला नमुना जाड पोलादी भांड्यात ठेवतात, आत दाबानं ऑक्सिजन भरतात, भांडं पाण्यात बुडवतात आणि विजेच्या ठिणगीनं नमुना पेटवतात. बाहेरचं पाणी किती तापलं त्यावरून उष्णता कळते. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी, आणि बोलताना आपण ज्याला 'कॅलरी' म्हणतो ती हीच. या यंत्राला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. त्यात एक ग्रॅम प्रोटीन जाळलं तर साडेपाचच्या पुढे किलोकॅलरी निघतात, चार नाही.

कारण आपलं पोट म्हणजे ते पोलादी भांडं नव्हे. काही अन्न न पचता शौचातून जातं, आणि प्रोटीनमधली थोडी ऊर्जा युरियाच्या रूपानं लघवीतून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञानं हा हिशोब चिकाटीनं केला. माणसांना मोजून जेवू घालायचं, त्यांचं शौच आणि लघवी गोळा करायची, त्यांतही किती ऊर्जा उरली ते तपासायचं आणि वजा करायचं. त्यातून सरासरी निघाली: प्रोटीन 4, कार्बोहायड्रेट 4, फॅट 9. सव्वाशे वर्षं होत आली तरी जगभरातल्या पुड्यांवर तीच चालते. काम उत्तम होतं, मला त्या माणसाबद्दल आदरच आहे. पण ती मिश्र जेवणाची सरासरी होती. तुमच्या हातातल्या पुड्याचं मोजमाप ती कधीच नव्हती.

त्या वडीकडेच पुन्हा पाहा. 33 ग्रॅम कार्बोहायड्रेटपैकी बऱ्याच पुड्यांवर 13 ग्रॅम फायबर लिहिलेलं असतं. फायबर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात, त्यातून आपल्याला ग्रॅममागे साधारण 2 किलोकॅलरी मिळतात, 4 नाही. तेवढी दुरुस्ती केली तर 345 चे 319 होतात. प्रोटीनचंही तसंच. प्रयोगशाळा प्रोटीन थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ठरलेल्या 6.25 ने गुणते. सोयाबीनसाठी अधिक जवळचा गुणक 5.71 आहे. तो लावला तर 52 ग्रॅमचे साडेसत्तेचाळीस ग्रॅम होतात. कार्बोहायड्रेट तर बहुतेक वेळा वजाबाकीनं काढतात: शंभरातून पाणी, प्रोटीन, फॅट आणि राख वजा केली की उरलं ते कार्बोहायड्रेट. यात फसवणूक काही नाही, सगळ्या जगात असंच करतात. पण अशा आकड्याच्या भरवशावर दहा-वीस कॅलरींसाठी रात्रीचं जेवण सोडणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलणं झालं.

आणखी एक गोष्ट लेबलवर कधीच नसते: अन्न कशा रूपात पोटात गेलं. आपल्याकडे शेंगदाणे मूठभर चावून खातात, त्यांचं कूट भाजीत घालतात, चटणी करतात आणि तेलही काढतात. 1980 साली अमेरिकेत डॉक्टरांनी माणसांना शेंगदाण्यातलं फॅट तीन रूपांत देऊन शौच तपासलं. अख्खे दाणे खाल्ले तेव्हा खाल्लेल्या फॅटपैकी जवळजवळ 18 टक्के शौचातून निघून गेलं. दाणे वाटून लोण्यासारखे केले तेव्हा 7 टक्के, आणि तेल दिलं तेव्हा 5 टक्क्यांहून थोडं कमी. कारण साधं आहे. दाण्यातलं तेल पेशींच्या भिंतीआड असतं. दातांनी जेवढ्या भिंती फुटतात तेवढंच तेल आतड्याला सापडतं, मिक्सर मात्र बहुतेक भिंती फोडतो. दाणे आणि त्यांचं कूट, दोन्ही पाकिटांवर 100 ग्रॅमचा आकडा एकच छापलेला असतो. (म्हणून दाणे पोत्यानं खा असं मी म्हणत नाहीये. मूठभर दाण्यांत हा फरक पंधरा-वीस कॅलरींचाच आहे.)

इथपर्यंतचं सगळं विज्ञानाच्या मर्यादेत येतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे, ती म्हणजे 'सर्व्हिंग'.

डाएट किंवा डायजेस्टिव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटाचे नेहमीचे ढोबळ आकडे घेऊ. 100 ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट 68, प्रोटीन 7, फॅट 20. गुणाकार करा: 272, 28 आणि 180, एकूण 480. मग 120 कुठून आले? कंपनीनं एक सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं, 25 ग्रॅम, असं ठरवलं म्हणून. सर्व्हिंग केवढं धरायचं हे उत्पादकच ठरवतो. आता मला सांगा, रात्रीच्या जेवणाच्या जागी दोन बिस्किटं खाऊन कोण उठतं? संध्याकाळी चहाबरोबर चार आणि रात्री दुधाबरोबर चार, असा आमच्या पेशंटचा खरा हिशोब असतो. ती झाली 100 ग्रॅम, म्हणजे 480 किलोकॅलरी.

आणि जिला हाकललं ती भाकर? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम ज्वारीला 334 किलोकॅलरी दिल्यात. (त्याच संस्थेच्या जुन्या तक्त्यात 349 होत्या. नमुने आणि पद्धत बदलली की आकडाही हलतो, तो असा.) एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरा, 200 झाल्या. दोन भाकरींच्या 400. म्हणजे 'हलकी' बिस्किटं 'जड' भाकरींपेक्षा 80 ने जास्तच भरली. शिवाय दोन भाकरींच्या पिठात फॅट 2 ग्रॅम आणि फायबर 12 ग्रॅम, बिस्किटांत फॅट 20 ग्रॅम आणि वर घातलेली साखर. भाकरीबरोबर वरण आणि भाजी पोटात जाते, बिस्किटाबरोबर चहातली साखर.

बिस्किट कमी का वाटतं? कारण ते कोरडं आहे. दोन भाकरींचं वजन पाण्यासकट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास जातं, पोट भरल्याचं कळतं. बिस्किटात पाणी जवळजवळ नसतंच. 100 ग्रॅम भाकरीत साधारण 220 कॅलरी पडतात, 100 ग्रॅम बिस्किटांत 480. सोयाबीनच्या वडीचंही हेच, फक्त उलट बाजूनं. पुड्यावरचे 345 कोरड्या वडीचे आहेत. भिजवून पिळलेली वडी पाण्यानं दुप्पट-तिप्पट झालेली असते, तेव्हा ताटातल्या 100 ग्रॅम वड्यांत 52 ग्रॅम प्रोटीन आहे असं समजू नका.

पुड्यावर टक्केही असतात. "दिवसाच्या गरजेच्या 6%." कुणाच्या गरजेच्या? 2020 च्या लेबल नियमांनी त्यासाठी दिवसाला 2000 किलोकॅलरी धरल्यात. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या बाईला 1660 आणि कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला 3470 दिल्यात. औसा किंवा मुखेडच्या फडात ऊस तोडणारा गडी आणि वजिराबादेत दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, दोघांच्या हातात तोच पुडा आणि तोच 6% येतो. त्या टक्क्यांकडे मी स्वतः बघत नाही, तुम्हीही बघू नका.

लेबल फेकून द्या असा याचा अर्थ नाही. एकाच जातीच्या दोन कोरड्या पुड्यांची तुलना करायला ते चांगलं आहे. दोन्हीकडे 100 ग्रॅमचाच रकाना वाचायचा, सर्व्हिंगचा नाही. मग ॲडेड शुगर, सॅच्युरेटेड फॅट आणि सोडियम या तीन ओळी बघायच्या. ब्लडप्रेशरवाल्यांनी सोडियम आधी. त्यानंतर घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे समोर 'मल्टीग्रेन' लिहिलंय आणि यादीत पहिला मैदा असेल तर तो मैद्याचाच पुडा आहे. 'शुगर फ्री' लिहिलं असेल तर एकूण कार्बोहायड्रेट वाचा. साखर काढली तरी मैद्याचा स्टार्च तिथंच असतो, आणि पचल्यावर त्याचीही साखरच होते.

ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यांनी एक करावं. एका रात्री दोन भाकरी, वरण आणि भाजी खाऊन, जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी शुगर बघावी. दुसऱ्या रात्री तेवढ्याच वेळाला बिस्किटं-दूध घेऊन बघावी. औषधं दोन्ही दिवस तीच आणि त्याच वेळेला. दोन्ही आकडे वहीत लिहून पुढच्या तपासणीला आणा. आणि ज्यांना टाइप 1 डायबेटिस आहे, जे कार्बोहायड्रेट मोजून इन्सुलिन घेतात, त्यांना मात्र लेबल लागतंच. त्यांनी कॅलरीची ओळ सोडून कार्बोहायड्रेटचे ग्रॅम वाचावेत आणि खाल्लेल्या बिस्किटांचं खरं वजन करून त्यावर डोस काढावा. फायबर वजा करायचं की नाही, हे आधी आपल्या डॉक्टरांशी ठरवून घ्यावं.