खिम्याचा कबाब आतपर्यंत का शिजवायचा?

सूरजागडच्या पट्ट्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा मोठ्या शहरातल्या हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला आहे. बकरी ईदला घरी आला तेव्हा अम्मीने भाजलेले सीख कबाब पाहून म्हणाला, "आमच्याकडे स्टेक आतून गुलाबी ठेवूनच देतात, लोक मोठे पैसे मोजून खातात. तू मात्र कबाब कोरडे होईपर्यंत निखाऱ्यावर ठेवतेस!" भगिनींचा प्रश्न सरळ आहे: दोन्ही मांसच, मग एकाला एक कायदा आणि दुसऱ्याला दुसरा का?

मुलगा स्टेकबद्दल खोटे बोलत नाही. पण स्टेकचा नियम तो कबाबाला लावतो आहे, आणि तिथेच घोटाळा आहे.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत सहसा जंतू नसतात. जंतू असतात ते कातडीवर आणि आतड्यांत. जनावर सोलताना, पोट उघडताना, सुरीला, हाताला, लाकडी ठोकळ्याला लागून ते मांसावर येतात. म्हणजे येतात ते वरच्या बाजूला. अख्खा, जाड तुकडा असेल तर आतला भाग त्यांच्यापासून लांबच राहतो. असा तुकडा धगधगत्या तव्यावर दोन्ही बाजूंनी आणि कडांनीही चांगला भाजला की वरचे जंतू मरतात. आत गुलाबी राहिला तरी तिथे मारायला फारसे काही नसते.

आता त्याच तुकड्याचा खिमा करा. हिशेबच मांडून पाहू. दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा मांसाचा ठोकळा घेतला तर तो साधारण एक किलोचा होतो. त्याच्या सहा बाजू मिळून 600 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे एका हातरुमालापेक्षाही कमी. तोच ठोकळा मशीनमधून चार मिलिमीटर जाडीच्या धाग्यांत काढला, तर सगळ्या धाग्यांचा पृष्ठभाग मिळून जवळपास एक चौरस मीटर होतो. रुमालाएवढी जागा पसरून छोट्या दस्तरखानाएवढी झाली. वर जे काही चिकटले होते ते या सगळ्या जागेवर पसरले, आणि आपण हाताने मळून त्याचा गोळा केला तेव्हा ते कबाबाच्या अगदी मधोमध जाऊन बसले. कबाबाला 'आत' असा वेगळा, स्वच्छ भाग उरतच नाही. त्याचा मधला भागही एकेकाळी बाहेरचाच होता. सुरीने ठोकून केलेल्या खिम्यालाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट, खिमा बहुतेकदा एकाच तुकड्याचा नसतो. दुकानात उरलेले काप, कडेचे तुकडे, कधी दोन-तीन जनावरांचे मांस एकत्र मशीनमध्ये जाते. मशीन नीट धुतलेले नसेल तर आधीच्या गिऱ्हाइकाचा खिमाही थोडा आपल्या वाट्याला येतो. एका घाणेरड्या तुकड्याने सगळी परात बिघडते.

याची मोठी किंमत अमेरिकेत मोजावी लागली. 1993 च्या जानेवारीत तिथल्या वॉशिंग्टन राज्यात मुले रक्ताच्या जुलाबाने रुग्णालयात येऊ लागली. शोध घेतला तर धागा 'जॅक इन द बॉक्स' या हॉटेलांच्या साखळीतल्या बर्गरपर्यंत पोहोचला. खिम्यात ई. कोलाय O157:H7 नावाचा जंतू होता आणि टिक्क्या पुरेशा शिजल्या नव्हत्या. चार राज्यांत मिळून 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्या वेळी केंद्र सरकारचा नियम 60 अंश सेल्सिअसचा होता, तर वॉशिंग्टन राज्याने आपला नियम वाढवून सुमारे 68 अंश केला होता. त्या साखळीतल्या टिक्क्या राज्याच्या नियमाएवढ्या तापत नव्हत्या. आठ अंशांचा फरक आपल्याला किरकोळ वाटेल, पण जंतूला तो किरकोळ नसतो. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, अमेरिकी सरकारने हा जंतू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवून त्याच्या विक्रीला बंदी केली.

हा जंतू अगदी थोड्या संख्येने पोटात गेला तरी आजार होऊ शकतो. तो विष तयार करतो. लहान मुलांत ते विष रक्तपेशी फोडते आणि मूत्रपिंडे बंद पाडू शकते. अशा जंतूंचे घर म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांची आतडी. गाय, म्हैस, शेळी, मेंढी सगळी त्यात आली. त्यामुळे 'आम्ही बकऱ्याचेच मटण खातो' म्हणून सुटका होत नाही. शिवाय साल्मोनेला वगैरे इतर जंतूही खिम्यातून याच वाटेने येतात.

मग कबाब किती तापायला हवा? मटण किंवा म्हशीच्या मांसाचा खिमा मधोमध 71 अंश सेल्सिअसला पोहोचला की धोक्याचे जंतू जवळजवळ लगेच मरतात. 68 अंशांना साधारण 17 सेकंद लागतात, 63 अंशांना तीन मिनिटे. चुलीसमोर बसून सेकंद कोण मोजणार? म्हणून घरासाठी 71 हा एकच आकडा लक्षात ठेवावा. कोंबडीच्या खिम्याला 74 अंश हवेत. कोंबडी तर अख्खी असली तरी गुलाबी ठेवायचीच नाही, तिच्या बाबतीत स्टेकची सवलत नाही.

अडचण अशी की आपल्यापैकी बहुतेक जणी रंगावर जातात. आतून तपकिरी दिसला म्हणजे झाला. रंग इथे फसवतो. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या द्रव्याचा असतो. खिमा जुना असेल, बराच वेळ हवेत राहिला असेल किंवा गोठवून काढलेला असेल तर हे द्रव्य आधीच पालटलेले असते आणि कबाब कमी उष्णतेलाच तपकिरी होतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने सांगितले आहे की चारातला एक बर्गर सुरक्षित उष्णता गाठण्याआधीच आतून तपकिरी दिसतो. उलटही घडते: कांदा भरपूर घातलेला कबाब पुरता शिजूनही आत गुलाबी राहू शकतो. आमच्या मते शंभर-दीडशे वेळा कबाब करणाऱ्या सुगरणीनेही एक छोटा थर्मामीटर घ्यावा. चारसहाशे रुपयांत मिळतो. टिक्कीत तो वरून नव्हे, बाजूने मध्यापर्यंत खुपसावा. सीख कबाब असेल तर तो सळईवरून उतरवून लांबीच्या दिशेने मधोमध टोचावा, नाहीतर तापलेल्या सळईचाच आकडा दिसेल.

थर्मामीटर नसेल तर जाडी आपल्या हातात आहे. जाडी दुप्पट केली तर आत उष्णता पोहोचायला दुपटीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तोवर बाहेरचा भाग जळतो आणि 'झाला' असे वाटून आपण उतरवतो. सीखेवर खिमा बोटाएवढाच जाड लावावा, जाडजूड मुठीएवढा नाही. ज्वाळेवर न धरता राख धरलेल्या निखाऱ्यावर, सळई फिरवत भाजावा. मग सगळ्यात जाड कबाब मधून मोडून पाहावा. आत चिकट, मऊ लगदा नको, सगळीकडे घट्ट कणीदार हवा आणि वाफ निघायला हवी. कोरडा होतो ही मुलाची तक्रार खरी असेल तर इलाज कमी शिजवणे हा नाही. खिम्यात चरबी थोडी जास्त ठेवावी, कांदा किसून घालावा आणि 71 ला पोहोचताच उतरवावे, उगाच पाच मिनिटे जास्त ठेवू नये.

शामी कबाबाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यात मांस चण्याच्या डाळीबरोबर कुकरमध्ये आधी शिजते आणि वाटण नंतर होते. जंतू आत ढकलायची वेळ येते तेव्हा ते मेलेले असतात. म्हणून शामी तव्यावर नुसता लाल करून उतरवला तरी चालतो, फक्त वाटण उघड्यावर तासन् तास ठेवलेले नको. सीख, चपली आणि गलावटी यांत कच्चे मांस वाटले जाते, तिथे ही सूट नाही. कच्ची पपई मांस मऊ करते, लिंबू-दही आंबट करते, पण यांतले काहीही जंतू मारण्याच्या भरवशाचे नाही. फ्रीजरही त्यांना मारत नाही, नुसते झोपवतो.

स्टेकच्या सवलतीलाही मर्यादा आहेत. तुकडा काट्याने किंवा सुयांनी टोचून मऊ केला असेल तर वरचे जंतू आत गेले, तो खिम्याच्या रांगेत बसला. आपल्या मसालेदार रानलाही खोल चिरा दिलेल्या असतात, तेव्हा तीही आतपर्यंत शिजवावी. शिवाय काही परजीवी वरून येत नाहीत, स्नायूतच पुटी करून असतात: म्हशीच्या मांसात फीतकृमीची पुटी असू शकते, बकऱ्या-मेंढ्यांत टॉक्सोप्लाझ्मा. हा टॉक्सोप्लाझ्मा गर्भाला इजा करतो. म्हणून गरोदर भगिनींनी गुलाबी मांस, मग ते कितीही महागड्या हॉटेलातले असो, खाऊ नये. लहान मुले, म्हातारी माणसे आणि आजारी यांनाही देऊ नये. शहरातल्या हॉटेलात तपासलेल्या जनावराचे मांस थंड साखळीतून येते असे गृहीत धरून निरोगी प्रौढ माणसाने ते खाल्ले तर आम्ही हरकत घेणार नाही. एटापल्ली-आलापल्लीच्या आठवडी बाजारातून उन्हात पिशवीत आलेल्या मटणाला मात्र ही सवलत आम्ही देणार नाही. त्याचा तुकडाही पुरता शिजवावा.

इथे एक शंका आधीच दूर करू. स्टेकमधून जो गुलाबी रस पाझरतो ते रक्त नव्हे. जबह करताना वाहून जाते ते रक्त. मागे राहतो तो स्नायूतला पाणी आणि मायोग्लोबिनचा रस. आपल्या पुस्तकांत हराम ठरवलेले आहे ते वाहते रक्त. तेव्हा गुलाबी मांसाला आमची हरकत आहे ती जंतूंमुळे, रक्ताच्या समजुतीमुळे नाही.

आता ईदच्या स्वयंपाकातल्या दोन सवयी. अंदाज घ्यायला कच्चा खिमा जिभेवर ठेवून मीठ चाखणे आमच्या घरांत सर्रास चालते. हे आजच सोडावे. बोटभर टिक्की तव्यावर पूर्ण तळून मग मीठ पाहावे. दुसरी सवय, सकाळी कबाब अर्धे भाजून ठेवायचे आणि पाहुणे आले की पुन्हा परतायचे. अर्धे भाजल्यावर आतला भाग कोमट राहतो, आणि कोमटपणात जंतू झपाट्याने वाढतात. सध्या बकरी ईद आपल्याकडे मे-जूनच्या उन्हात येते आणि गडचिरोली-चंद्रपुरात तेव्हा पारा चाळिशीपलीकडे असतो. 32 अंशांच्या वर कच्चा किंवा शिजलेला खिमा तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. कबाब आधी करून ठेवायचेच असतील तर पूर्ण शिजवून, उथळ ताटात पसरून थंड करून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि वाढताना वाफ येईपर्यंत गरम करावेत. वीज जाणाऱ्या गावात सीखचा कच्चा खिमा मळलेलाच नको, पाहुणे उंबऱ्यावर आल्यावर मळावा. आणि ज्या परातीत कच्चा खिमा मळला, तीत भाजलेले कबाब परत काढू नयेत. ती आधी साबणाने धुवावी, हातही तसेच.